उजव्या मनगटाचे 49 दिवस

हर्णे बंदरावर उन्हं कलली की लिलाव सुरू होतो. मोठ्या होड्या आत पाण्यात नांगर टाकून उभ्या, त्यांच्या पलीकडे सुवर्णदुर्ग, आणि मासळी होडक्यांतून, बैलगाड्यांतून काठावर येऊन ओल्या वाळूवर तिचे ढीग लागतात. बोली चढत असते, पायाखाली पाणी, खवले आणि बर्फाचा चिखल असतो. इथे घसरून पडायला फारशी हुशारी लागत नाही.

समजा, रविवार, 12 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई इथे सुरमई घ्यायला आल्या आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. बाई माझ्या कल्पनेतल्या आहेत; तारखा, नियम आणि हाडं मात्र खरी. वय 52, नोकरीला 28 वर्षं झालेली. तोल जाताना त्यांनी उजवा तळहात पुढे टेकला, कारण पडताना आपण सगळेच तेच करतो. सगळं वजन त्या तळहातावर आलं आणि मनगटाच्या वर दोनेक सेंटीमीटरवर, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडून मागच्या बाजूला कललं.

पालथा हात बाजूने पाहिला तर टेबलावर पालथ्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्यासारखा दिसत होता. या आकाराकडे नुसतं बघून काय मोडलं असणार हे डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी 1814 साली लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध लागला 1895 मध्ये. म्हणजे आतलं हाड न बघता त्यांनी केलेलं वर्णन एक्याऐंशी वर्षं तसंच उभं राहिलं, आणि क्ष-किरण आले तेव्हा मुख्य गोष्ट बरोबरच निघाली. आजही डॉक्टर याला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात.

बाईंना त्याच रात्री दापोलीला नेलं. एक्स-रे झाला, हात बधिर करून हाड ओढून जागेवर बसवलं, कोपराखालपासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टरची पट्टी आली. सूज वाढण्याची शक्यता असते म्हणून पहिल्या दिवशी गोल बंद प्लास्टर न घालता अर्धी पट्टीच बांधतात. बोटं आणि अंगठा मोकळे ठेवतात. ते निळे पडले किंवा मुंग्या येऊ लागल्या तर रात्री-अपरात्री परत यायचं, असंही बजावतात.

आणि मग बाई म्हणाल्या, "डॉक्टर, शाळेत द्यायला मेडिकल लागेल."

मला ज्याचं नवल वाटतं ती गोष्ट इथे सुरू होते. आपण या कागदाकडे कचेरीतल्या फायलीचं खाद्य म्हणून बघतो. पण अर्ध्या पानाच्या या मजकुरात डॉक्टर तीन अगदी वेगळ्या जातीची विधानं करतो. पहिलं आजच्या शरीराबद्दल: काय झालंय. दुसरं उद्याच्या शरीराबद्दल: किती दिवस लागतील. तिसरं आज करताच येत नाही, त्यासाठी माणसाला पुन्हा समोर बसवावं लागतं: आता कामावर जाता येईल का. तिन्हींखाली सही एकाच डॉक्टरची असली तरी तिन्हींची खात्री सारखी नसते.

या दाखल्याचा नमुना भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या व्यावसायिक आचरणविषयक विनियमांना परिशिष्ट म्हणून जोडलेला आहे. वर रुग्णाची सही किंवा अंगठा, तोही डॉक्टरसमोर. मग ओळखखुणा. मग अमुक रोगाने आजारी असून अमुक तारखेपासून इतके दिवस कामावर न जाणं प्रकृती सुधारण्यासाठी नितांत आवश्यक आहे, अशा अर्थाचं वाक्य. त्याखाली तंदुरुस्तीचं वेगळं वाक्य. शेवटी ठिकाण, तारीख, सही आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक.

बाईंच्या बाबतीत पहिल्याच ओळीवर गाडी अडली. सही कोण करणार? उजवा हात प्लास्टरमध्ये. अठ्ठावीस वर्षं पोरांना अक्षरं गिरवायला लावणाऱ्या, गावातल्या कितीतरी आयांना सही शिकवलेल्या बाईंनी शाईच्या पॅडवर डावा अंगठा टेकला. कोणता अंगठा, हे नमुन्यात लिहिलेलं नाही. अंगठा रुग्णाचाच असावा आणि डॉक्टरांच्या नजरेसमोर उठलेला असावा, एवढंच महत्त्वाचं.

मग ओळखखूण. बाईंच्या नोकरीच्या कागदांवर "उजव्या मनगटावर भाजल्याचा व्रण" अशी नोंद होती. तो व्रण आता पट्टीच्या आत. डॉक्टरांनी डाव्या कानाखालचा तीळ शोधला आणि तो लिहिला. आपल्याला हा प्रकार जुनाट वाटतो, फोटोच्या काळात तीळ कशाला मोजायचे. पण विचार करा, डॉक्टर नावाला ओळखत नाही, शरीराला ओळखतो. त्याने जे तपासलं ते शरीर आणि पगारपत्रकावरचं नाव ही एकच व्यक्ती आहे, हे या कागदावर बांधणारा धागा म्हणजे तो तीळ आणि तो अंगठा. एकाचा हात मोडावा आणि दुसऱ्याने रजा घ्यावी, ही युक्ती त्या एका तिळापाशी अडते. म्हणूनच विनियम सांगतात की डॉक्टरांनी दाखल्यांची वेगळी नोंदवही ठेवावी, प्रत ठेवावी, आणि किमान एक ओळखखूण लिहायला चुकू नये.

आता निदान. डॉक्टरांनी लिहिलं: क्लोज्ड फ्रॅक्चर, लोअर एंड रेडियस, राइट. कारकुनाला हे गूढ वाटेल, पण यातला प्रत्येक शब्द पुढच्या दिवसांची संख्या ठरवतो. क्लोज्ड म्हणजे कातडी शाबूत, आत जंतू शिरलेले नाहीत. हाड बाहेर आलं असतं तर शस्त्रक्रिया, प्रतिजैविकं आणि महिने वाढले असते. लोअर एंड म्हणजे हाडाचं टोक, जिथे आतली रचना स्पंजासारखी जाळीदार असते आणि रक्त भरपूर पोचतं, म्हणून लवकर जुळतं. आणि राइट म्हणजे लिहिता हात. हा एक शब्द गळला तर शाळेत कोणीही विचारेल, बाई, डावा हात मोडला तर फळ्यावर लिहायला काय हरकत?

विश्रांतीचा आकडा येतो कुठून? नोकरदारांत एक समजूत आहे की तो डॉक्टरच्या मर्जीतून किंवा आपल्या विनवणीतून येतो. कधी कधी येतोही. पण हाडाच्या बाबतीत आकडा हाडाचाच असतो. मोडलं त्या रात्री दोन टोकांमध्ये रक्त साकळतं. काही दिवस तिथे सूज आणि साफसफाई चालते, मोडक्या पेशी उचलल्या जातात. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी कूर्चेचा आणि तंतूंचा मऊ जोड तयार होतो, ओल्या चिकणमातीच्या लगद्यासारखा: टोकं धरून ठेवतो, पण जोर दिला तर वाकतो. मग त्यात कॅल्शियम साचत जातं आणि साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत तो कडक होतो. एक्स-रेवर तो ढगासारखा दिसतो. त्यानंतर शरीर कित्येक महिने त्या ओबडधोबड गाठीला तासून मूळ हाडाचा आकार देत राहतं, पण त्यासाठी रजा लागत नाही. दाखल्यावरचे "सहा आठवडे" म्हणजे त्या लगद्याला घट्ट व्हायला लागणारा वेळ. नडगीचं हाड मधोमध मोडलं असतं तर ते सावकाश जुळतं. आकडा तीन-चार महिन्यांवर गेला असता.

तरीही डॉक्टरांनी त्या रात्री सहा आठवडे लिहिले नाहीत. तीन लिहिले: सोमवार 13 जानेवारीपासून रविवार 2 फेब्रुवारीपर्यंत, 21 दिवस. बाईंना वाटलं, डॉक्टर कंजूषपणा करताहेत. मला वाटतं, ते प्रामाणिकपणा करत होते. बसवलेलं हाड प्लास्टरच्या आत पुन्हा सरकू शकतं. सूज उतरली की पट्टी सैल होते आणि मागे कललेलं टोक परत मागे जायला बघतं. म्हणून आठवड्याने एक एक्स-रे, पंधरा दिवसांनी दुसरा. सरकलं असतं तर तार किंवा प्लेट बसवायचा निर्णय घ्यावा लागला असता आणि सगळं गणित बदललं असतं. ज्या भविष्याची दोन वळणं अजून दिसायची आहेत, त्याला एकाच सहीत सहा आठवडे बांधून टाकणं म्हणजे अंदाजाला निदानाचा मुखवटा घालणं. दोन्ही एक्स-रे नीट आल्यावर 3 ते 23 फेब्रुवारी असा आणखी 21 दिवसांचा दाखला मिळाला.

दुसरा एक संभव घेऊ. समजा, बाईंनी हात गमछ्याने बांधून तीन दिवस घरीच काढले आणि गुरुवारी, 16 जानेवारीला दापोली गाठली. डॉक्टर 12 तारखेची सही करतील का? करता कामा नये. त्यांनी 12 तारखेला हात पाहिलेलाच नाही. "चार दिवसांपूर्वी पडल्याचं रुग्ण सांगतात, सूज आणि एक्स-रे त्याच्याशी जुळतात," असं ते लिहू शकतात, पण खालची तारीख 16 च राहते. मागची तारीख घातलेला दाखला पकडायला गुप्तहेर लागत नाही. नोंदवहीतला अनुक्रम खोटं बोलत नाही: 40 क्रमांकाचा दाखला 14 तारखेचा आणि 41 क्रमांकाचा 12 तारखेचा असेल, तर घोटाळा उघड आहे. एक्स-रेच्या फिल्मवर तारीख असते. शिवाय हाड स्वतःच घड्याळ असतं, पडल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेवर जुना ढग दिसला तर कहाणी जुनी आहे. खोटा किंवा दिशाभूल करणारा दाखला दिल्याचं सिद्ध झालं तर डॉक्टरांचं नाव नोंदपुस्तकातून कमी होऊ शकतं. शे-दोनशे रुपयांत "चार दिवसांचा ताप" मिळतो, असं आपण हसत बोलतो तेव्हा समोरचा काय पणाला लावतोय हे आपल्या लक्षात येत नाही.

कमरेच्या दुखण्याला असं घड्याळ नसतं, हेही खरं. कंबर दुखते हे एक्स-रेवर दिसत नाही, उदासी तर कुठेच दिसत नाही. तिथे डॉक्टर रुग्णाच्या शब्दावर, हालचालींवर आणि स्वतःच्या अनुभवावर सही करतो. हातावर प्लास्टर असलेल्या माणसाला कचेरीत सहानुभूती मिळते, मनाच्या आजाराने घरी बसलेल्याला कुजबुज. म्हणून निदान कोणाला दिसावं, हा प्रश्न अवघड होतो. जर्मनीत आजारपणाच्या रजेचा पिवळा कागद वर्षानुवर्षं चालला, आणि त्याची मालकाकडे जाणारी प्रत निदानाविना असे. रोगाचा सांकेतिक क्रमांक फक्त विमा संस्थेकडे जाई. मालकाला कळायचं ते एवढंच की हा माणूस अमुक तारखेपर्यंत काम करू शकत नाही. 2023 पासून तो कागद जाऊन संगणकी नोंद आली, तत्त्व तेच राहिलं. आपल्या नमुन्यात रोगाचं नाव वरिष्ठांच्या टेबलावर उघडं पडतं. मला जर्मन रीत जास्त शहाणी वाटते.

बाईंचा दाखला शाळेतून पुढे पंचायत समितीत गेला. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: दाखला म्हणजे रजा नव्हे. डॉक्टर शिफारस करतो, रजा वरिष्ठ मंजूर करतो. शंका आली तर जिल्हा शल्यचिकित्सकाच्या दर्जाच्या सरकारी डॉक्टराचं दुसरं मत मागवता येतं. बाईंच्या बाबतीत शंका यायचं कारण नव्हतं, पण हिशेब लांबला. शासकीय नियमांप्रमाणे दर पूर्ण वर्षाच्या सेवेला 20 दिवस अर्धवेतनी रजा खात्यावर जमा होते. आजारपणात ती पूर्ण पगारावर परिवर्तित करून घेता येते, पण तेव्हा घेतलेल्या प्रत्येक दिवसामागे खात्यातून दोन दिवस वजा होतात. शेवटी बाईंची रजा 49 दिवस झाली. खात्यातून गेले 98. वर्षाला 20 धरले तर ही जवळजवळ पाच वर्षांची जमा. एक शेवाळलेली पायरी, पाच वर्षांची शिल्लक.

42 चे 49 कसे झाले? 24 फेब्रुवारीला प्लास्टर निघालं. हाड जुळलं होतं. बाई खूश होऊन म्हणाल्या, द्या मग फिट. डॉक्टरांनी त्यांच्या हातात पेन दिलं. ते पकडता येईना. सहा आठवडे न हललेलं मनगट लाकडासारखं ताठ होतं, दंडाखालचे स्नायू सुकले होते, बोटं मुठीत पूर्ण मिटत नव्हती. आजार बरा होणं आणि कामाला लायक होणं या दोन गोष्टींमध्ये किती अंतर असतं ते त्या खुर्चीत दिसलं. कोमट पाण्यात हात बुडवून व्यायाम, पोळीची कणीक मळणं, ओला फडका पिळणं, आणि 2 मार्चपर्यंत सात दिवस वाढीव रजा.

तंदुरुस्त हा शब्द आपण माणसाला लावतो, पण दाखल्यात तो माणूस आणि काम यांच्या जोडीला लावायचा असतो. हेच मनगट हर्ण्यातल्या तीन माणसांना देऊन बघा. बाईंना हवी खडू धरण्याइतकी पकड आणि पाठीची पिशवी उचलण्याइतकी ताकद. सात आठवडे पुरले. दापोली आगारातल्या एसटी चालकाला हवं ते वेगळं: घाटाच्या वळणावर दोन्ही हातांनी चाक फिरवता आलं पाहिजे, अचानक झटका बसला तर मनगटाने तो सोसला पाहिजे. त्याच्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात. त्याच एक्स-रेवर त्याला मी आणखी काही आठवडे फिट म्हणणार नाही. आणि होडीवरचा खलाशी? ओलं जाळं हातांनी ओढायचं, दोर मनगटाला करकचून बसणार, पायाखालची जमीन हलती. पकडीची पूर्ण ताकद यायला अशा मोडीनंतर तीन महिने किंवा जास्तही लागतात.

खलाशाला मात्र हा दाखला कोणी मागत नाही. जिथे कमाई वाट्यावर चालते तिथे न गेलेल्या फेरीचा वाटा नाही, रजेचं खातं नाही, अर्धवेतनीचं गणित नाही. त्याच्या आयुष्यात कायद्याने मिळणारी लांब सुट्टी एकच, 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी, आणि ती माशांच्या प्रजननासाठी आहे, त्याच्या मनगटासाठी नाही. जानेवारीत हात मोडला तर ऐन हंगाम जातो. मग काय होतं ते तांडेलांना विचारा: प्लास्टर चौथ्या आठवड्यात घरीच पाण्यात भिजवून कापलं जातं. मऊ जोडावर दोर बसतो. हाड वाकडं जुळतं आणि जन्मभर तळहात पूर्ण वर वळत नाही.

आपल्या नमुन्यात दोनच खाने आहेत, आजारी किंवा फिट. ब्रिटनने एप्रिल 2010 मध्ये त्यांची जुनी "आजाराची चिठ्ठी" बदलून "तंदुरुस्तीची चिठ्ठी" केली आणि एक नवा खाना आणला: अमुक बदल केले तर कामावर येऊ शकेल. हळूहळू तास वाढवा, वेळा बदला, काम बदला, जागेची सोय करा, असे चार पर्याय डॉक्टर त्यावर खूण करून सुचवतो. बाईंना असा खाना मिळाला असता तर त्या पाचव्या आठवड्यातच शाळेत आल्या असत्या, पोरांना तोंडी गणितं घातली असती, फळ्यावर मोठ्या मुलीला लिहायला लावलं असतं. आपल्याकडे डॉक्टर "हलकं काम" असं शेरा म्हणून लिहितात, पण तो शेरा कुठल्या रकान्यात घालायचा हे कारकुनाला कळत नाही, आणि तो बहुधा दाखला परत पाठवतो.

अजून एक गोष्ट डॉक्टरांनी शेवटच्या भेटीत सांगितली, ती दाखल्यावर आली नाही. पन्नाशीतल्या बाईचं मनगट उभ्या उंचीवरून पडून मोडलं तर हाडं विरळ होत चालल्याची ती पहिली सूचना असू शकते. पंधरा-वीस वर्षांनी मोडतं ते खुब्याचं हाड. हाडांची घनता मोजून घ्या, असं त्यांनी सांगितलं. रजेच्या कागदाला यात रस नाही. त्याची नजर 3 मार्चपर्यंतच जाते.

तीन मार्च, सोमवार. सकाळी शाळेत जायच्या आधी बाई दापोलीला गेल्या. तंदुरुस्तीचा दाखला दिल्याशिवाय वैद्यकीय रजेवरून रुजू होता येत नाही. डॉक्टरांनी आपली दोन बोटं पुढे केली आणि म्हणाले, दाबा. बाईंनी दाबली. मग मनगट वर, खाली, आत, बाहेर. मग एक खडू दिला आणि भिंतीवरच्या छोट्या फळ्यावर स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. नाव उमटलं, शेवटची वेलांटी जरा थरथरली. त्यांनी जुने तिन्ही दाखले पुढ्यात ठेवून वाचले, कानाखालचा तीळ पुन्हा बघितला, आणि पट्टीतून बाहेर आलेला भाजल्याचा व्रणही ओळखखुणेत घातला.

शाळेत हजर अहवालाला हा कागद जोडला गेला. दोन दिवसांनी पंचायत समितीतून फोन आला. कारकुनाचं म्हणणं होतं की रजेच्या दाखल्यावर अंगठा आहे आणि फिटच्या दाखल्यावर सही, तेव्हा ही एकच बाई आहे हे कसं समजायचं?

"तीळ बघा," बाई म्हणाल्या.